दहा कोअर, बारा थ्रेड: सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले सात महिने i5-1335U हा प्रोसेसर असलेला लॅपटॉप मी रोज आठ-नऊ तास वापरतो आहे. खोक्यावर ‘दहा कोअर’ असे ठळक छापलेले होते आणि आधीच्या लॅपटॉपमध्ये चारच कोअर असल्यामुळे सगळी कामे दुपटीने तरी वेगवान होतील, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात या दहांपैकी दोनच पी-कोअर, म्हणजे पूर्ण ताकदीचे कोअर आहेत. उरलेले आठ ई-कोअर कमी विजेत चालणारे आणि संथ आहेत. पी-कोअरचा वेग जास्तीत जास्त ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, ई-कोअरचा ३.४ पर्यंत. शिवाय त्याच वेगाला पी-कोअर अधिक काम उरकतो, त्यामुळे खरा फरक या आकड्यांपेक्षा मोठा आहे. प्रत्येक पी-कोअर दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी कामाचे दोन धागे, चालवतो आणि ई-कोअर एकच, म्हणून बेरीज बारा थ्रेड होते. पी-कोअरवरचा दुसरा थ्रेड म्हणजे वेगळा कोअर नव्हे. पहिल्याच्या कामातून जी जागा मोकळी राहते तेवढीच त्याच्या वाट्याला येते.

हे सगळे मला एका तक्रारीच्या मागे लागल्यामुळे नीट कळले. रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानांचे व्हिडिओ मी ffmpeg वापरून लहान आकारात बदलतो. साधारण एक तासाचा व्हिडिओ कधी बावीस मिनिटांत होई, तर तेवढ्याच लांबीचा दुसरा पस्तीस मिनिटे घेई. आधी मला वाटले की लॅपटॉप तापून मंदावत असावा. पण उशीर होई तेव्हा पंखा उलट शांत असे, आणि तापलेल्या यंत्राचे हे लक्षण नव्हे.

मग टास्क मॅनेजरच्या Performance भागात सीपीयूच्या आलेखावर उजवी क्लिक करून मी Logical processors हा पर्याय निवडला. एका आलेखाच्या जागी बारा चौकोन दिसू लागले. माझ्या लॅपटॉपवर पहिले चार दोन पी-कोअरचे आहेत आणि पुढचे आठ ई-कोअरचे. ffmpeg ची खिडकी समोर होती तोवर बाराही चौकोन भरलेले होते. ती मिनिमाइझ करून मी वर्ड उघडले आणि थोड्याच वेळात पहिले चार चौकोन जवळजवळ रिकामे झाले. पुढचे आठ मात्र काठोकाठ भरलेलेच राहिले.

उलगडा तिथेच झाला. विंडोज ११ मिनिमाइझ केलेल्या खिडकीतले काम कमी महत्त्वाचे समजते आणि वीज वाचवण्यासाठी ते ई-कोअरकडे सोपवू शकते. समोरच्या खिडकीला पी-कोअर मोकळे मिळावेत हा त्यामागचा हेतू आहे आणि बहुतेक कामांना तो योग्यच ठरतो, पण मला ज्या कामाची घाई होती तेच काम यात मागे पडत होते. चार्जर लावलेला असताना Power mode मध्ये Best performance निवडल्यावर फरक बराच कमी झाला. फक्त या एका प्रोग्रामपुरती सूट देण्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या टर्मिनलमध्ये पुढची आज्ञा दिली:

```
powercfg /powerthrottling disable /path "C:\Tools\ffmpeg.exe"
```

तेव्हापासून खिडकी कुठेही असली तरी वेळ तेवीस-चोवीस मिनिटांच्या आत राहतो.

याउलट अनुभव एक्सेलचा आहे. महिनाअखेरीला मी जो जुना मॅक्रो चालवतो त्याला पूर्वी सहा मिनिटे लागत, आता चार लागतात. व्हीबीएचा मॅक्रो एकाच थ्रेडवर चालत असल्याने तो चालू असताना पी-कोअरच्या चौकोनांपैकी एखाद-दुसरा तेवढा हलतो आणि बाकीचे स्वस्थ असतात. इथे दहाऐवजी वीस कोअर असते तरी चार मिनिटांची साडेतीन झाली नसती. जी दोन मिनिटे वाचली ती एकेका पी-कोअरच्या वेगामुळे वाचली. ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस टॅब, शेजारी व्हिडिओ कॉल आणि मागे फाइलींचे सिंक एवढे सगळे चालू असताना टंकलेखन कुठेही अडखळत नाही, याचे श्रेय मात्र मी निःसंकोचपणे ई-कोअरना देतो. ही बारीकसारीक कामे त्यांच्यावर गेल्यामुळेच पी-कोअर मोकळे राहतात.

घेण्यापूर्वी i7-1355U चाही विचार केला होता. त्यातही दोन पी-कोअर आणि आठच ई-कोअर आहेत. कमाल वेग तेवढा ५ गिगाहर्ट्झ आहे. व्हिडिओचे काम रोजचे असते तर मी i5-1340P घेतला असता, कारण त्यात चार पी-कोअर आहेत आणि त्याची मूळ वीजमर्यादा १५ वॅटऐवजी २८ वॅट आहे. लांबलेल्या कामात ही मर्यादाच निर्णायक ठरते: सुरुवातीची काही मिनिटे माझा लॅपटॉपही जोरात धावतो, पण नंतर वीज आवरती घेताना पी-कोअरचा वेग बराच खाली येतो.

बॅटरीवर असताना मी वर दिलेली सूट `powercfg /powerthrottling reset /path "C:\Tools\ffmpeg.exe"` ने काढून टाकतो आणि व्हिडिओचे काम मुद्दाम मिनिमाइझ करून ठेवतो. वेळ पस्तीस मिनिटे लागतो, पण पंखा ऐकू येत नाही आणि समोरचे लेखन विनाअडथळा चालू राहते.