प्रोसिडिंग दुरुस्त करायचं की नवा ठराव मांडायचा?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयाचा प्रश्न माझ्यापुढे आला होता. मार्चच्या सभेत ठराव झाला, "छपराचे पत्रे बदलण्यास रु. 40,000 मंजूर." पावसाळ्याच्या तोंडावर मिस्त्रीने मजुरीचे 11,000 मागितले आणि वाद पेटला. खजिनदार म्हणाले, "मजुरी त्यातच धरली होती." दोन सभासद म्हणाले, "मजुरीचं ठरलंच नव्हतं."

असा वाद मिटवायचे रस्ते दोन. ठरलं एक आणि लिहिलं गेलं भलतंच किंवा अर्धवट, तर प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, दुरुस्त करायचं. मुळात ठरलंच नसेल, तर नवा ठराव मांडायचा. यातला कुठला रस्ता घ्यायचा हे कागद सांगतात, म्हणून आधी कागद काढा.

आम्ही सभेची नोटीस पाहिली. विषय होता "पत्रे खरेदी". सभेआधीच्या तारखेचं कोटेशन 39,400 चं होतं, फक्त मालाचं. सरकारी कार्यालयासाठी केलेल्या कन्नड प्रतीत मात्र "छपराच्या कामासाठी" असं उतरलं होतं आणि खजिनदारांचा भर त्याच प्रतीवर होता. पण सभेत वाचून कायम झालं ते मराठी प्रोसिडिंग. भाषांतर नंतरचं, त्यावरून मूळ ठरावाचा अर्थ लावता येत नाही. व्हाउचरचंही तसंच. सभेनंतर पैसे देणाऱ्याने ठरावाचा काय अर्थ घेतला एवढंच त्यातून कळतं.

निकाल लागला सचिवांच्या कच्च्या वहीवर. तिथे लिहिलं होतं: "पत्रे 40 पर्यंत. मजुरी, दर आल्यावर पुढच्या सभेत." म्हणजे ठरलं होतं, पक्क्या वहीत उतरवताना गळलं. इथे दुरुस्तीच योग्य. जुन्या ओळीवर खाडाखोड करायची नाही. विषयपत्रिकेवर विषय घ्यायचा आणि ठराव लिहायचा: "मार्चच्या ठराव क्र. 4 मध्ये 'मजुरी वगळून' हे शब्द राहून गेले, ते त्यात वाचावेत." सूचक, अनुमोदक, सही, आणि जुन्या पानाच्या समासात नव्या ठरावाचा नंबर. मजुरीचा ठराव त्याच सभेत, पण वेगळा.

कच्ची वही गप्प असती तर मी दुरुस्तीला ठाम विरोध केला असता. न ठरलेली गोष्ट मागच्या तारखेत घुसवणं म्हणजे खोटं प्रोसिडिंग. तेव्हा नवा ठरावच हवा. तो त्या दिवसापासून लागू होतो, आणि आधी पैसे दिले गेले असतील तर कार्योत्तर मंजुरी उघडपणे मागावी लागते. खजिनदाराला ते अवघड जातं, तरी मागावी.

मार्चच्या सभेला हजर असलेले पुरेसे सभासद नसतील, तर दुरुस्तीचा विषय पुढे ढकलावा. हजेरीच्या सह्या पाहूनच हे ठरवा. सहकारी संस्था असेल तर वाद 1959 च्या कर्नाटक सहकारी संस्था कायद्याच्या कलम 70 खाली निबंधकांकडे जाऊ शकतो, आणि तिथे खाडाखोड केलेलं पान आपल्याच विरुद्ध जातं.

प्रोसिडिंग कायम झालं की कच्ची वही फाडायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. निदान पुढची वार्षिक सभा होईपर्यंत ती कोटेशनबरोबर एकाच फायलीत ठेवा.