मुलाखतीनंतर तीन आठवडे उत्तर नाही: मेल करावा, फोन करावा की आतल्या माणसाला विचारावे?

दुसरी फेरी चांगली झाली, ‘आठवडाभरात कळवतो’ असे एचआरने सांगितले आणि त्यानंतर तीन आठवडे काहीच आले नाही, अशा उमेदवारासाठी ही तुलना आहे. ज्यांनी केवळ पोर्टलवर अर्ज भरला आहे आणि ज्यांचे कोणाशीही बोलणे झालेले नाही, त्यांच्या बाबतीत चौकशीचा उपयोग फार थोडा होतो, कारण त्यांचा अर्ज बहुधा अजून कोणी उघडलेलाच नसतो.

आपल्याकडे या शांततेचे एक नेहमीचे कारण नोटीस पिरियड हे असते. पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला ऑफर दिली जाते, परंतु त्याला जुन्या कंपनीतून सुटायला 60 किंवा 90 दिवस लागतात आणि तेवढ्या काळात तो दुसरीकडे जाण्याची शक्यता राहते. म्हणून दुसऱ्या क्रमांकावरच्या उमेदवाराला कंपनी नकारही देत नाही आणि होकारही देत नाही. आपण विचारतो तेव्हा आपले नाव यादीत आहे की नाही, एवढेच नव्हे, तर ते कोणत्या जागी आहे हे जाणून घ्यायचे असते.

मेलचा सर्वांत मोठा गुण असा की तो मुलाखतीच्या निमंत्रणाच्याच मेलला उत्तर म्हणून पाठवता येतो. एचआरकडे एकाच वेळी अनेक पदांचे काम असते. नाव, पद आणि मुलाखतीची तारीख समोर असली तर त्यांना शोधाशोध करावी लागत नाही, आणि संबंधित व्यवस्थापकाकडे तोच मेल जसाच्या तसा पुढे पाठवता येतो. त्याचा दोष उघड आहे: मेल दुर्लक्षिता येतो. फोनवर उत्तर तत्काळ मिळते, पण ते बहुधा ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढेच असते, कारण समोरच्या व्यक्तीपुढे त्या क्षणी फाइल नसते. म्हणून फोन हा मेलनंतरचा टप्पा मानावा. मेलला पाच-सहा कामाचे दिवस उत्तर आले नाही तरच तो करावा आणि ‘अमुक तारखेला मेल पाठवला होता’ अशी सुरुवात करावी. एचआरने स्वतः व्हॉट्सअ‍ॅपवर वेळ ठरवली असेल तर तेथे विचारण्यात गैर नाही. अन्यथा ते टाळावे.

रेफरल देणारा कर्मचारी सर्वांत खरी माहिती देऊ शकतो: पद गोठवले आहे, कोणी रुजू होणार आहे, किंवा विभागप्रमुखच बदलला आहे. परंतु ती माहिती त्याने विश्वासाने दिलेली असते; एचआरला लिहिताना तिचा उल्लेख केल्यास तो अडचणीत येतो. त्याच्याकडून फक्त पद अजून रिकामे आहे का, एवढेच विचारावे, आपली शिफारस पुन्हा करायला सांगू नये. अर्ज कन्सल्टन्सीमार्फत गेला असेल तर मात्र हे तिन्ही मार्ग बाजूला ठेवून कन्सल्टंटलाच विचारावे. आपल्या निवडीवर त्याचे शुल्क अवलंबून असल्यामुळे त्याला पाठपुराव्यात स्वतःचा रस असतो, आणि त्याला वगळून थेट कंपनीला लिहिल्यास दोघांचाही रोष ओढवतो.

माझ्या परिचयातील एका लेखापाल महिलेची दुसरी फेरी 5 जूनला झाली होती. 27 जूनला तिने लिहिले: ‘5 जूनच्या मुलाखतीच्या संदर्भात विचारत आहे. या पदाची निवड प्रक्रिया सुरू आहे का, आणि माझी उमेदवारी विचारात आहे का? माझा नोटीस पिरियड 30 दिवसांचा आहे.’ प्रश्न दोन आणि माहिती एक, एवढेच त्यात होते. दोन दिवसांनी उत्तर आले की ‘प्रोफाइल होल्डवर आहे’. येथे बहुतेक उमेदवार आभार मानून थांबतात, आणि मला ती चूक वाटते. तिने पुन्हा विचारले, ‘पद होल्डवर आहे की माझी उमेदवारी?’ पद थांबले असेल तर अंदाजपत्रक मंजूर होईपर्यंत कोणाचीच निवड होणार नसते. उमेदवारी थांबली असेल तर आपल्या पुढे कोणीतरी आहे, असा अर्थ होतो. तिला उत्तर मिळाले ते दुसरे, आणि त्याबरोबर ऑगस्टच्या मध्यापर्यंत थांबण्याची विनंती.

तेव्हा तिने दुसऱ्या एका कंपनीत सुरू असलेली मुलाखत थांबवली नाही. तिकडून जुलैमध्ये लेखी ऑफर आली, तेव्हा पहिल्या कंपनीच्या त्याच मेल-मालिकेत तिने ती वस्तुस्थिती आणि उत्तर देण्याची शेवटची तारीख कळवली. ऑफर खरोखर हातात असेल तेव्हाच असे लिहावे, कारण एचआर तिची प्रत मागू शकतात. त्या तारखेपर्यंत निर्णय होणार नाही, असे त्यांनी स्पष्ट कळवले, आणि तिने दुसरी नोकरी स्वीकारली.