पोळपाट-लाटण्यासाठी सोडा की मीठ-लिंबू?

पोळपाट काळा पडला की घरात दोन मतं होतात. एक म्हणतं खाण्याचा सोडा लाव, दुसरं म्हणतं मीठ-लिंबू चोळ. मी दोन्ही वापरलंय आणि दोन्ही कामाचं आहे. तरी मुंबईत राहणाऱ्याने, त्यातून ज्याच्या स्वयंपाकघराची खिडकी डक्टकडे उघडते त्याने, एक गोष्ट आधी बघावी. धुतलेलं लाकूड वाळणार कधी?

चिकटलेली कणीक मात्र या दोन्हीच्या आधी निघायला हवी. ओल्या कणकेवर पाणी टाकलं की तिची खळ होते आणि लाकडाच्या रेषांत जाऊन बसते, गरम पाण्याने तर जास्तच. त्यापेक्षा अर्धा तास तशीच सुकू द्यावी. कडा पांढरट होऊन सुटायला लागल्या की सुरीच्या बोथट पाठीने रेषांच्या दिशेनेच खरवडावी. लाटण्याला कोरडं पीठ लावून तळहाताने चोळलं की उरलेल्या वळ्या आपोआप पडतात.

आता सोडा. जुन्या तेलावर तोच सरस, हे मान्य करायला हवं. दोन चमचे सोड्यात जेमतेम पाणी घालून लापशीसारखा लेप करायचा, दहा मिनिटं ठेवायचा आणि ओल्या कपड्याने रेषांच्या दिशेने चोळायचा. पुरणपोळीच्या तुपाने मेणचट झालेला पोळपाटाचा मधला भाग त्याने मोकळा होतो, खवट वासही जातो. साग, शिसव, बाभूळ अशा लाकडावर मात्र तो जास्त वेळ ठेवू नये. या लाकडांत टॅनिन असतं आणि सोड्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाने ते गडद होतं. डाग काढायला जावं आणि अख्खा पोळपाटच सावळा व्हावा, असं त्यामुळे होऊ शकतं.

माझं मन सोड्यावरून उडालं ते वेगळ्याच कारणाने. तो धुऊन काढायला पाणी फार लागतं. बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागत नाही तोवर धूत राहावं लागतं, आणि ते पाणी पोळपाटाच्या पायांच्या सांध्यात शिरतं. जुलै-ऑगस्टमध्ये वरची बाजू रात्रीतून कोरडी वाटते, पण उलटा करून पायाशी नाक नेलं की दमट वास येतो. पुढच्या काही दिवसांत तिथेच बारीक काळे ठिपके उठतात. जे घालवायला सगळा खटाटोप केला, तेच खालून पुन्हा सुरू. मला याचा इतका वीट आला की पावसाळ्यात सोडा बंदच केला.

मीठ-लिंबाला पाणी जवळजवळ लागत नाही. जाडं मीठ पसरायचं, अर्ध्या लिंबाच्या कापलेल्या बाजूने दाबून घासायचं, पाच-सात मिनिटांनी जमलेला करडा चिखल खरवडून टाकायचा आणि घट्ट पिळलेल्या फडक्याने दोन-तीनदा पुसायचं. आमच्या पोळपाटावर ओल्या लोखंडी तव्याचं निळसर काळं कडं उमटलं होतं. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन ओलाव्यात एकत्र आलं की असा डाग पडतो. लिंबातल्या आम्लाने तो सुटतो. पहिल्या घासण्यात कडं राखाडी झालं, वाळल्यावर पुन्हा एकदा लिंबू फिरवलं तेव्हा शोधावं लागेल इतकं फिकट झालं. सोड्याने हा डाग हलत नाही, उलट ठळक होण्याचीच शक्यता जास्त.

दोन्ही एकदम मात्र टाकू नये. फेस छान येतो, पण आम्ल आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात आणि लाकडाच्या वाट्याला काहीच येत नाही.

बुरशीच्या ठिपक्यांपुढे लिंबूही थोडं कमीच पडतं. ठिपके विखुरलेले असतील, सांध्याजवळ दाट असतील आणि कुबट वास येत असेल तर ती बुरशी समजावी. वरवरची असेल तर पूर्ण कोरड्या पोळपाटावर आधी १२० आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवावा. घासूनही काळं खोलवर दिसत राहिलं किंवा सांध्याला चीर गेली असेल, तर तो पोळपाट बदललेलाच बरा.

माझ्या मते, वर्षानुवर्षांचं तेल साचलं असेल तर एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत एकदा सोडा वापरावा. एरवी मीठ-लिंबूच. लाटणं गोल आणि बिनसांध्याचं असल्याने त्याला सोडा तितका जाचत नाही, फक्त पाण्यात बुडवून ठेवू नये, वाकतं. पुसल्यावर पोळपाट पायांवर न ठेवता भिंतीला उभा टेकवून पंख्याखाली ठेवावा. कडक उन्हात ठेवला तर तडकतो. पूर्ण वाळल्यावर खोबरेल तेलाचे चार थेंब चोळून जास्तीचं पुसून घ्यावं. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल लावलं तर ते काही आठवड्यांत चिकट होतं आणि पुन्हा सोड्याचा डबा काढावा लागतो.