लेझर प्रिंटरचा स्लीप टाइम: एक मिनिट, पंधरा मिनिटे की दिवसभर जागा?

कार्यालयातला लेझर प्रिंटर काही वेळ वापरला नाही की स्लीप मोडमध्ये जातो आणि पुढचे पान मागितल्यावर पंधरा-वीस सेकंद, जुन्या यंत्रांत कधी त्याहूनही जास्त वेळ, नुसता घरघरत राहतो. हा विलंब सोसून वीज वाचवावी, की थोडी वीज जाऊ देऊन प्रिंटर जागा ठेवावा, हे ठरवायचे असेल तर आधी हा वेळ नेमका कुठे जातो ते पाहायला हवे.

टोनर म्हणजे प्लास्टिकमिश्रित भुकटी असते आणि ती कागदावर वितळवून पक्की करण्याचे काम फ्यूजर करतो. त्यासाठी त्याचे तापमान साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावे लागते. जुन्या आणि अनेक मोठ्या यंत्रांत फ्यूजर म्हणजे आत हॅलोजन दिवा असलेला धातूचा रोलर असतो. तो तापायला वेळ लागतो, म्हणून प्रिंटर रेडी स्थितीत असताना त्याला सतत थोडी थोडी ऊब देत राहतो. बऱ्याच लहान लेझर प्रिंटरांत मात्र रोलरऐवजी पातळ फिल्म आणि तिच्या आत सिरॅमिक हीटर असतो. तो काही सेकंदांत तापतो, त्यामुळे रेडी स्थितीत त्याला गरम ठेवण्याची गरजच पडत नाही. आपला प्रिंटर कोणत्या प्रकारचा आहे हे माहितीपत्रकातील रेडी स्थितीच्या वॅटवरून बऱ्यापैकी ओळखता येते: आकडा ४०-६० वॅटच्या घरात असेल तर रोलर असण्याची शक्यता जास्त, आणि १० वॅटच्या आत असेल तर फिल्म.

आता हिशोब करू. समजा, एका कर सल्लागाराच्या कार्यालयात दिवसाच्या आठ तासांत दर वीस मिनिटांनी एक, म्हणजे २४ वेळा छपाई होते. प्रिंटर रोलरचा आहे, रेडी स्थितीत सरासरी ५० वॅट घेतो, झोपेत १ वॅट घेतो, आणि थंड फ्यूजर तापवायला ८०० वॅटने २० सेकंद, म्हणजे सुमारे साडेचार वॅट-तास लागतात. प्रत्यक्ष छपाईची वीज सगळीकडे सारखीच असल्याने ती बाजूला ठेवली आहे.

| स्लीपपूर्वीचा वेळ | दिवसाची वीज | दिवसभरातली जादा वाट |
|---|---|---|
| १ मिनिट | सुमारे १३५ वॅट-तास | सुमारे ८ मिनिटे |
| १५ मिनिटे | सुमारे ४०० वॅट-तास | जवळपास ८ मिनिटे |
| ३० मिनिटे | सुमारे ४०० वॅट-तास | नाही |

या तक्त्यातील मधली ओळ सर्वांत महत्त्वाची आहे, कारण पंधरा मिनिटांची निवड वरवर समंजस मध्यममार्ग वाटते. प्रत्यक्षात प्रिंटर प्रत्येक छपाईनंतर पंधरा मिनिटे तापलेला बसतो, उरलेली पाच मिनिटे झोपतो आणि पुढच्या कामासाठी पुन्हा तापतो. पाच मिनिटांत रोलर पूर्ण थंड होत नसल्याने तापवण्याची वीज आणि वाट थोडी कमी धरली, तरी अखंड जागे राहण्याच्या तुलनेत हातात जवळजवळ काहीच पडत नाही. थोडक्यात, दोन छपायांमधल्या नेहमीच्या अंतरापेक्षा जरासा कमी असलेला स्लीप टाइम हा सर्वांत वाईट पर्याय आहे. तो एक तर त्या अंतरापेक्षा स्पष्टपणे मोठा असावा, नाही तर बराच लहान.

एक मिनिट आणि तीस मिनिटे यांतला फरक २६५ वॅट-तासांचा आहे. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर साधारण साडेसहा युनिट होतात आणि युनिटला १० रुपये धरल्यास ६५-६६ रुपये. त्यासमोर त्याच महिन्यात वाट पाहण्यात जाणारा वेळ तीन तास वीस मिनिटांचा आहे. कर्मचारी आपल्या जागेवरून छपाईची आज्ञा देऊन मग चालत प्रिंटरपाशी जात असेल, तर वीस सेकंद त्या चालण्यातच मुरतात आणि एक मिनिटाची सेटिंग निःसंशय योग्य ठरते. समोर ग्राहक पावतीसाठी थांबलेला असेल तर माझे मत तीस मिनिटांच्या बाजूने आहे. पंधरा मिनिटेही काही ठिकाणी शोभतात: सकाळी दोन तास रांग आणि मग दुपारभर शांतता असे काम असेल, तर गर्दीत प्रिंटर झोपत नाही आणि शांततेत उगाच तापत राहत नाही.

फिल्मच्या प्रिंटरला हा सगळा हिशोब जवळजवळ लागू होत नाही. रेडी स्थितीत तो ५ वॅट घेत असेल तर आठ तासांचे ४० वॅट-तास होतात आणि पूर्ण वेळ झोपला तरी बचत ३०-३२ वॅट-तासांची, म्हणजे महिन्याला एका युनिटहूनही कमी. जागे होण्याचा विलंबही काही सेकंदांचाच असतो. अशा यंत्रावर कंपनीने दिलेली सेटिंग तशीच ठेवावी आणि विलंब खूप जाणवत असेल तर त्याचे कारण दुसरीकडे शोधावे.

ते शोधण्याचा सोपा मार्ग असा: प्रिंटर झोपल्यावर संगणकाला हात न लावता त्याच्याच पॅनेलवरून चाचणी किंवा सेटिंगचे पान छापावे आणि वेळ मोजावा. मग तो पुन्हा झोपल्यावर संगणकावरून एक पानी मजकूर पाठवून वेळ मोजावा. दोन्ही वेळा सारख्याच असतील तर विलंब यंत्राचा आहे. पॅनेलवरून दहा सेकंद आणि संगणकावरून पाऊण मिनिट लागत असेल, तर फ्यूजरला दोष देण्यात अर्थ नाही, कारण वेळ वाय-फायची जोडणी जागी होण्यात किंवा संगणकाने प्रिंटर शोधण्यात जातो आहे. विंडोजमध्ये `Printer properties` उघडून `Ports` या टॅबवर `WSD` पोर्ट दिसला, तर त्याऐवजी `Standard TCP/IP Port` करून पाहावा आणि राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता राखून ठेवावा. झोपलेला प्रिंटर वारंवार ऑफलाइन दिसत असेल तर त्याच पोर्टच्या `Configure Port` मध्ये `SNMP Status Enabled` वरची खूण काढल्याने अनेकदा फरक पडतो. वायर टाकणे शक्य असेल तर झोपेतून उठण्याच्या बाबतीत ती वाय-फायपेक्षा अधिक भरवशाची.

मेन्यूत स्लीपच्या शेजारीच `Auto Off` किंवा तत्सम नावाची सेटिंग असते आणि तिची गल्लत सहज होते. स्लीपमधला प्रिंटर छपाई आली की स्वतः उठतो, ऑटो ऑफ झालेल्याला सहसा बटण दाबूनच उठवावे लागते. प्रिंटर दुसऱ्या खोलीत असेल आणि अनेक जण तो वापरत असतील तर ही सेटिंग दिवसा बंदच असावी. रात्री पंधरा तास झोपेत ठेवण्याचा खर्च १५ वॅट-तास आहे, तोही नको असेल तर लेझर प्रिंटरचा पंखा थांबल्यावर बटण बंद करून मग भिंतीवरचा स्विच बंद करण्यास हरकत नाही.

इंकजेटला मात्र ही सवय लावू नये. त्याला तापायचे नसते, त्यामुळे झोपेतून उठण्यात फार वीज जात नाही. पण छपाई सुरू असताना किंवा नीट बंद न करता थेट भिंतीवरून वीज तोडली तर शाईचे हेड टोपणाखाली जाण्याआधीच उघडे राहून सुकू शकते. नीट बंद केला तरी अनेक प्रिंटर पुन्हा वीज मिळाल्यावर हेड साफ करतात आणि त्यात शाई खर्च होते. त्या शाईच्या किमतीपुढे रात्रभराच्या झोपेची वीज नगण्य आहे, म्हणून इंकजेट झोपेतच राहू द्यावा.