पॉवर बँकेची गॅरंटी साध्या मराठीत लिहिली, त्याचा आठेक महिन्यांचा अनुभव

मी स्वतःच्या वेबसाइटवरून पॉवर बँका, चार्जर आणि इयरफोन विकतो. आधीची रिटर्न पॉलिसी कुठूनतरी उचललेली होती: "भौतिक हानी वगळता", "अंतिम निर्णय विक्रेत्याचा राहील" वगैरे. ती कोणी वाचत नसे, त्यामुळे रोज व्हॉट्सअॅपवर तोच प्रश्न यायचा, "खराब निघालं तर काय?" गिऱ्हाइकाला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर त्या पानावर नव्हतंच.

नवीन मजकुरातल्या तीन ओळी मी किमतीच्या लगेच खाली टाकल्या, पानाच्या तळाशी नाही:

"हातात पडल्यापासून 10 दिवसांत आवडली नाही तरी परत घेऊ, परत आणायचे 80 रुपये कापून बाकीचे पैसे देऊ. 12 महिन्यांत बिघडली तर बदलून देऊ, तेव्हा कुरियर आमचा. पाण्यात पडली, उघडली किंवा फुटली तर बदलून मिळणार नाही."

सगळ्यात जास्त काम केलं ते 80 रुपयांनी. मला वाटलं होतं लोक बिचकतील. उलट आकडा समोर दिसला की छुपं काही नाही असं वाटतं. कॅश ऑन डिलिव्हरीऐवजी आधी पैसे भरणारे वाढले, दारातून परत येणारी पार्सलं कमी झाली. दिवाळीही याच काळात होती, म्हणून सगळं श्रेय पॉलिसीला देणार नाही, पण "खराब निघालं तर" हा प्रश्न जवळजवळ बंद झाला.

खरा कस लागला कपॅसिटीवर. लातूरच्या एका गिऱ्हाइकाचा मेसेज आला: "10,000 लिहिलंय, माझा फोन 5,000चा. दोनदा चार्ज व्हायला हवा, दीडदाच होतो. माल डुप्लिकेट आहे." माल बरोबर होता. 10,000 एमएएच हा आकडा आतल्या सेलचा, 3.7 व्होल्टवरचा. यूएसबीतून 5 व्होल्ट बाहेर येतात, म्हणजे तीच ऊर्जा 7,400 एमएएच होते. त्यातली काही सर्किटमध्ये उष्णता होऊन जाते आणि हातात 6,000 ते 6,500 उरतात. फोनचे 5,000 हेही त्याच्या आतल्या सेलच्या व्होल्टवरचे, म्हणजे 5 व्होल्टवर 3,700 ते 3,900च. फोन चार्ज होताना आणखी थोडी ऊर्जा जाते. दीडदा हे उत्तर बरोबरच आहे, पण ते भांडणात सांगितलं की सबब वाटते. म्हणून विकण्याआधीच लिहिलं: "5,000च्या फोनला साधारण दीड वेळा पुरते. नवी असताना यूएसबी मीटरवर 5,500 एमएएचपेक्षा कमी भरली तर बदलून देऊ." मीटर काही शे रुपयांत मिळतो, पण गिऱ्हाइकाने तो घ्यावा अशी अपेक्षा नाही, शंका आली तर आम्ही मागवून मोजतो आणि व्हिडिओ पाठवतो. "दीड वेळा" लिहिल्यावर विक्री पडेल असं पुरवठादार म्हणत होता. पडली नाही. शेजारी 20,000ची पॉवर बँक "तीन वेळा" असं लिहून ठेवली, तर बरेच जण तीच घेऊ लागले.

फुगलेल्या बॅटरीचं कलम वेगळं ठेवावं लागलं. आधी "परत पाठवा, मग बदलून देऊ" असं सरसकट होतं. पण फुगलेली लिथियम बॅटरी कुरियरने पाठवणं धोक्याचं. आता लिहिलंय: चार्जिंग थांबवा, पाठवू नका, कागदावर बिल नंबर लिहून तो आणि मागचा सीरियल नंबर एकाच फोटोत येऊ द्या. आम्ही नवी पाठवतो, जुनी ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची. सीरियल नंबर विकतानाच बिलावर टाकत असू तरच हे चालतं. नाहीतर एकच फोटो दोघांकडून आला तरी कळणार नाही.

इयरफोनबाबत जरा जपून. "पॅकेट उघडल्यावर परत नाही" हे आवडनिवडीपुरतं ठीक आहे, पण एका कानात आवाजच नसेल तर तसं म्हणता येत नाही. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे सदोष किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. वेबसाइटवर काहीही छापा, हे टळत नाही. म्हणून ती ओळ अशी केली: "उघडल्यावर नावडले म्हणून परत नाही, बिघडलेले असतील तर नक्की घेऊ."

त्रास होतो तो 10 दिवसांच्या सवलतीचा. शुक्रवारी मागवायची, ट्रेकला न्यायची, आठवड्याने "आवडली नाही" म्हणायचं, असे काही जण असतातच. तरी मुदत कमी केली नाही. तपासून, उघडलेला माल म्हणून स्पष्ट लिहून थोड्या कमी किमतीत विकतो, तो खपतो.

एक फट मात्र अजून बुजवायची आहे. बदलून दिलेल्या पॉवर बँकेची गॅरंटी नव्याने 12 महिने, की पहिल्या बिलाची उरलेली? लिहिलंच नव्हतं, त्यामुळे अकराव्या महिन्यात बदलून घेतलेला माणूस पुढचं वर्ष धरून बसतो. पुढच्या मालापासून "पहिल्या बिलाची उरलेली मुदत, पण किमान 3 महिने" असं छापणार आहे. सोबतच्या केबलला 6 महिने, हेही त्याच ओळीखाली.