रनिंगचे बूट सोडून कोर्टचे बूट घेतले, त्याला आठ महिने झाले

बॅडमिंटन खेळताना मागच्या कोपऱ्यातलं शटल घ्यायला उजवीकडे आडवी झेप घेतली, पाऊल आत वळलं आणि घोटा मुरगळला. पायात रनिंगचे बूट होते, महागाचे आणि जेमतेम तीन महिने वापरलेले. त्यामुळे दोष बुटांचा असेल असं मनातही आलं नाही. फिजिओथेरपिस्ट ताईंनी तो बूट टेबलावर ठेवला, वरून कडेला दाब दिला आणि सोल कसा एका बाजूला कलतो ते दाखवलं.

रनिंगचा बूट सरळ पुढे धावण्यासाठी बनतो. टाचेखाली जाड मऊ फोम असतो आणि टाच पंज्यापेक्षा बरेचदा 8 ते 12 मिलिमीटर उंच असते. बॅडमिंटनमध्ये आपण आडवे थांबतो. तेव्हा बाहेरच्या कडेचा फोम दबतो, वरची जाळी ताणली जाते आणि उंचावरचं पाऊल त्या कडेवरून कलंडतं. कोर्टच्या बुटात पाऊल जमिनीलगत राहतं, पंज्याचा सोल बाहेरच्या बाजूला थोडा रुंद असतो आणि मधला भाग पिळायला कडक असतो. दुकानात मी टाच आणि चवडा धरून बूट पिळून पाहिला. जो मध्येच सहज पिळला गेला, तो परत ठेवला.

पहिले दोन आठवडे पोटऱ्या भरून यायच्या, कारण टाच एकदम खाली आली होती. मी तेव्हा दिवसाआड अर्धा तासच खेळलो. त्यानंतर घोटा एकदाही दुमडलेला नाही. गुडघ्याच्या वाटीखालचं दुखणंही कमी झालं, पण त्याचं निम्मं श्रेय मी लंजच्या, म्हणजे एक पाय लांब पुढे टाकून गुडघ्यात वाकण्याच्या सरावाला देईन: टाच आधी टेकवायची, पावलाचं बोट आणि गुडघा एकाच दिशेला ठेवायचे. या बुटांची गादी पातळ आहे, त्यामुळे चुकीची उडी आता लगेच जाणवते.

एक धोका मात्र सांगायलाच हवा. गम रबरचा सोल स्वच्छ मॅटला घट्ट धरतो. पाऊल न उचलता जागच्या जागी वळलात, तर बूट अडकतो आणि पीळ थेट गुडघ्याला बसतो. याच्या उलट, सोलवर धूळ बसली की पकड जाते. म्हणून हे बूट मी पिशवीतून नेतो आणि हॉलमध्येच घालतो; दर दोन गेमनंतर ओल्या फडक्याने सोल पुसतो. सिमेंटच्या कोर्टवर ते घालत नाही, तिथे हा रबर भराभर झिजतो.

आता डाव्या बुटाची अंगठ्याजवळची आतली कड घासली गेली आहे. मी उजव्या हाताने खेळतो, लंजमध्ये मागचा पाय तिथेच ओढला जातो. उजव्याच्या पंज्याखालची नक्षी अजून बोटाला लागते. ती गुळगुळीत झाली की नवा जोड घेईन, वरून बूट कितीही चांगला दिसला तरी.