मोहरीचं तेल, कॅनोला की शेंगदाणा: इरुसिक ॲसिडचा हिशेब

शेंगदाणा तेल सोडून कच्च्या घाणीचं मोहरीचं तेल सुरू करावं, ते हृदयाला चांगलं, असा सल्ला तुम्हालाही कुणीतरी दिला असेल. पण अमेरिकेतल्या भारतीय दुकानात त्याच तेलाच्या बाटलीवर 'फक्त बाह्य वापरासाठी' असं छापलेलं असतं. तिथे ते खाद्यतेल म्हणून विकायला परवानगीच नाही, कारण त्यातलं इरुसिक ॲसिड हे मेदाम्ल. युरोपात मोहरीच्या तेलात इरुसिक ॲसिडचं प्रमाण 5 टक्क्यांच्या आत लागतं, बाकीच्या बहुतेक वनस्पती तेलांत 2 टक्क्यांच्या आत. आपल्याकडच्या पारंपरिक मोहरीच्या तेलात ते साधारण 40 ते 50 टक्के असतं आणि ते राजरोस विकलं जातं. मग तेल निवडायचं कसं?

आधी निर्बंध कुठून आले ते पाहू. मोहरीच्याच कुळातल्या रेपसीडचं तेल 1960 आणि 70 च्या दशकांत उंदरांना भरपूर प्रमाणात खाऊ घातलं गेलं. काही दिवसांतच त्यांच्या हृदयाच्या स्नायूंत चरबीचे थेंब साठलेले दिसले. इरुसिक ॲसिडची साखळी 22 कार्बनची, लांबलचक. हृदयाच्या पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियाला ती सहज जाळता येत नाही. पुढे शरीर सावरतं: पेशींतली दुसरी यंत्रणा ही साखळी तोडून आखूड करते आणि तेच खाणं चालू असलं तरी साठलेली चरबी ओसरू लागते. मात्र महिनोन्‌महिने हे तेल खाल्लेल्या नर उंदरांच्या हृदयात जागोजागी पेशी मरून व्रण पडलेले आढळले.

इथेच वादाला सुरुवात होते. उंदराला हे ॲसिड जाळणं मुळातच जड जातं आणि इतर काही तेलांवरही त्याच्या हृदयात असे व्रण दिसले. डुकरांत आणि माकडांत परिणाम बराच सौम्य होता. पण माणसावर असा प्रयोग करून पाहता येत नाही, म्हणून सरकारांनी सावध बाजू घेतली. कॅनडाला ते सोपंही गेलं, कारण तिथल्या संशोधकांनी तोवर कमी इरुसिकचं रेपसीड तयार केलं होतं. पुढे त्यालाच कॅनोला हे नाव मिळालं. भारतात उत्तरेचं आणि पूर्वेचं सगळं स्वयंपाकघर या तेलावर चालतं, त्यामुळे तशी बंदी इथे आली नाही.

आता आकडे आपल्या चमच्यावर मांडून पाहू. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्ये शरीराच्या दर किलो वजनामागे रोज 7 मिलिग्रॅम ही सुरक्षित मर्यादा ठरवली. उंदरांच्या आणि डुकरांच्या पिल्लांना ज्या मात्रेत हृदयावर परिणाम दिसला नाही, ती मात्रा होती किलोमागे 700 मिलिग्रॅम. सुरक्षिततेसाठी शंभर पटींचं अंतर राखायचं म्हणून तिला शंभराने भागून हा आकडा काढला.

60 किलोच्या माणसाची मर्यादा झाली दिवसाला 420 मिलिग्रॅम. मोहरीच्या तेलाचा एक चहाचा चमचा म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम तेल आणि त्यात सुमारे 2 ग्रॅम इरुसिक ॲसिड. म्हणजे पहिल्याच चमच्यात मर्यादा जवळजवळ पाचपट ओलांडली. दिवसभरात असे चार चमचे गेले तर किलोमागे सुमारे 135 मिलिग्रॅम होतात. मर्यादेपेक्षा ते खूपच जास्त आहे, पण प्राण्यांत निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या पाचव्या हिश्श्याइतकंच आहे. शंभर पटींचं राखलेलं अंतर पाच पटींवर येतं, एवढा याचा अर्थ. 12 किलोच्या मुलाला दोनच चमचे दिले तरी ते अंतर दुपटीवर येतं, आणि ज्या मात्रेवरून हा हिशेब मांडला आहे ती पिल्लांवरच्या प्रयोगांतली आहे. म्हणून लहान मुलांच्या बाबतीत मी ठाम आहे: त्यांचं रोजचं तेल हे नसावं.

माणसांवरचा पुरावा काय सांगतो? मोहरीच्या बाजूने नेहमी दाखवला जातो तो दिल्ली आणि बंगळुरूच्या रुग्णालयांतला, 2004 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास. हृदयविकाराचे 350 रुग्ण आणि 700 इतर लोक यांच्या आहाराची तुलना केली, तेव्हा मोहरीचं तेल वापरणाऱ्यांत हृदयविकार सूर्यफूल तेलवाल्यांपेक्षा बराच कमी आढळला. पण ही माहिती आजारपणानंतर विचारून घेतलेली होती आणि तेल बदललं की त्यासोबत घरचं बाकीचं जेवणही बदलतं. उलट बाजूला 2013 चा एक अमेरिकी अभ्यास आहे. रक्तात इरुसिकसारखी लांब साखळीची आम्लं जास्त असलेल्यांत पुढे हृदय निकामी होण्याचं प्रमाण जास्त दिसलं. मात्र ते लोक काही मोहरीच्या तेलात रांधत नव्हते, त्यामुळे दोष तेलावर ढकलता येत नाही. एका दुर्मिळ मेंदूविकारावर इरुसिक ॲसिड असलेलं तेल औषध म्हणून मोठ्या मात्रेत दिलं जातं. त्या रुग्णांत रक्तातल्या प्लेटलेट कमी झालेल्या आढळल्या. थोडक्यात, मोहरीच्या तेलाने माणसाचं हृदय बिघडतं हे सिद्ध झालेलं नाही, आणि ते सुधारतं हेही नाही.

या तेलाच्या ज्या गुणांचं कौतुक होतं, ते इरुसिकमुळे नाहीतच. संपृक्त चरबी दहा टक्क्यांच्या आत आणि ओमेगा-3 दहा टक्क्यांच्या आसपास, ही त्याची खरी जमेची बाजू. कॅनोलात हे दोन्ही जवळपास तसंच मिळतं आणि इरुसिकच्या जागी ऑलिव्ह तेलातलं ओलेइक ॲसिड असतं. शेंगदाणा तेलात इरुसिकची काळजी नाही, पण संपृक्त चरबी 17 ते 20 टक्के आणि ओमेगा-3 नगण्य. म्हणून बदल केवळ हृदयासाठी करायचा असेल, तर माझं मत कॅनोलाकडे झुकतं. शेंगदाणा तेल जपून वापरणाऱ्याने मात्र मोहरीकडे धावत जायचं कारण मला दिसत नाही.

बाटली हातात घेतलीत तर एक गोष्ट नीट पाहा. पोषणमूल्यांच्या तक्त्यात 'मोनोअनसॅच्युरेटेड' चरबीचा भलामोठा आकडा दिसतो आणि माणूस खूश होतो. इरुसिक ॲसिडही त्याच गटातलं आहे, आणि पारंपरिक मोहरीच्या तेलात त्या आकड्याचा अर्ध्याहून मोठा वाटा त्याचाच असतो. त्याचं प्रमाण बहुतेक बाटल्यांवर वेगळं छापलेलं नसतं. चवीवरूनही ते कळत नाही, कारण नाकात जाणारा झणका वेगळ्याच, उडून जाणाऱ्या द्रव्याचा असतो. तेल धूर येईपर्यंत तापवलं की तो झणका जातो, इरुसिक मात्र जागेवरच राहतं.

त्यामुळे झणका ठेवून इरुसिक काढता येतं. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचं 'पुसा मस्टर्ड 30' हे वाण तसंच आहे, त्याच्या तेलात इरुसिक 2 टक्क्यांहून कमी असतं. बाटलीवर वाण किंवा 'लो इरुसिक' स्पष्ट लिहिलेलं असेल तरच तसं समजावं, नुसत्या 'कच्ची घाणी' या शब्दांवरून नाही. आणि फक्त चवीसाठी हवं असेल, म्हणजे उत्तरेकडचं लोणचं किंवा अधूनमधून बंगाली पद्धतीचे मासे, तर मोठ्या माणसांनी साधं मोहरीचं तेल वापरायला माझी हरकत नाही. रोजच्या फोडणीचं तेल दुसरं ठेवावं.